एक्सॉन म्हणजे पत्ते नव्हेत

*«माणसात जीन फक्त २० हजार, पण प्रथिनं लाखाच्या वर! गुपित काय? पर्यायी स्प्लायसिंग. एक्सॉन पत्त्यांसारखे पिसायचे, हव्या त्या क्रमाने जोडायचे, प्रत्येक जोडणीतून नवं प्रथिन. माणसाची ९५% जीन असंच करतात, माशीचं तर एकच जीन ३८,०१६ प्रथिनं बनवतं! म्हणून डीएनएतलं एखादं अक्षर बदललं आणि अमिनो आम्ल तेच राहिलं, तर काळजीचं कारणच नाही. आणि आता तर पाठीत इंजेक्शन देऊन जीनच दुरुस्त करतात.»*

असा एक मेसेज फिरत असतो. यातले आकडे बरेचसे खरे आहेत आणि त्यांवरून काढलेले निष्कर्ष बहुतेक चुकीचे. पर्यायी स्प्लायसिंग खरंच घडतं आणि एका जनुकातून एकाहून जास्त प्रथिनं खरंच मिळतात. पण कशी, किती आणि कुठल्या मर्यादेत, हे पाहायला एखादं जनुक हातात घेऊन अक्षर न् अक्षर वाचावं लागतं. इथे एसएमएन-२ घेऊ, कारण वरचे जवळजवळ सगळे मुद्दे या एका जनुकावर तपासता येतात.

पाचव्या गुणसूत्रावर एसएमएन-१ आणि एसएमएन-२ ही जवळपास तंतोतंत सारखी जनुकं शेजारीशेजारी असतात. एसएमएन-१ दोन्ही गुणसूत्रांवरून गेलं, तर मणक्यातल्या स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरू लागतात. हाच स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, म्हणजे एसएमए. महाराष्ट्रात हे नाव घरोघरी पोचलं ते सोळा कोटींच्या इंजेक्शनसाठी लोकवर्गणी सुरू झाली तेव्हा. सुमारे ९५ टक्के रुग्णांमध्ये एसएमएन-१ चा सातवा एक्सॉन दोन्ही प्रतींतून नाहीसा झालेला असतो. एसएमएन-२ मात्र त्यांच्याकडे शाबूत असतं. मग जवळपास तेच जनुक असूनही ते कामाला का येत नाही? सगळी गोष्ट या प्रश्नात आहे.

क्रम ठरलेला असतो

जनुकावरून आरएनएची लांबलचक कच्ची प्रत निघते. तिच्यात एक्सॉन म्हणजे ठेवायचे तुकडे, आणि त्यांच्या मधले इंट्रॉन कापून टाकायचे. या कापण्या-जोडण्यालाच स्प्लायसिंग म्हणतात. कापायची जागा ओळखायला खुणा असतात: इंट्रॉन जवळजवळ नेहमी जीयू अक्षरांनी सुरू होतो आणि एजी अक्षरांनी संपतो. सुरुवातीच्या खुणेवर यू-१ नावाचा कण बसतो. शेवटच्या खुणेच्या थोडं आधी, एका विशिष्ट ए अक्षराभोवती यू-२ बसतो, आणि त्याला तिथे बसायला यू-२-एएफ हे प्रथिन मदत करतं. मग यू-४, यू-५ आणि यू-६ येतात, इंट्रॉनचं सुरुवातीचं टोक सुटून त्या ए अक्षराला फासासारखं जोडलं जातं, शेवटी दोन्ही बाजूंचे एक्सॉन एकमेकांना जोडले जातात आणि फास फेकला जातो.

यात पिसायला जागाच नाही. आरएनए एका टोकाकडून तयार होत जातो आणि कापाकापी पुष्कळदा तो तयार होत असतानाच चालते. एक्सॉन ६ नंतर ७ आणि त्यानंतर ८, हा क्रम कायम राहतो. निवड असते ती ७ ठेवायचा की गाळायचा, एवढीच. आगगाडीचा मधला डबा काढून गाडी जोडता येते, पण म्हणून गार्डाचा डबा इंजिनाच्या पुढे जात नाही. इतर प्रकारही याच जातीचे: एक्सॉनची कड थोडी अलीकडे किंवा पलीकडे कापणं, दोन एक्सॉनपैकी नेमका एक घेणं, एखादा इंट्रॉन न कापता राहू देणं. क्रम मोडणारा एक अपवाद आहे. कधी पुढच्या एक्सॉनची शेपटी मागच्या एक्सॉनच्या डोक्याला जोडली जाऊन गोल आरएनए तयार होतो. पण अशा बहुतेक गोल आरएनएंपासून प्रथिन बनत नाही, त्यामुळे मेसेजच्या बाजूने तो मोजता येणार नाही.

एसएमएन जनुकातले एक्सॉन मोजायला गेलात तर नऊ भरतात, कारण दुसऱ्याचे नंतर २ए आणि २बी असे दोन निघाले आणि जुने क्रमांक तसेच राहिले. म्हणजे सर्वत्र ज्याला «एक्सॉन ७» म्हणतात तो मोजणीने आठवा आहे. रिपोर्ट वाचताना याचा घोळ होतो, म्हणून सांगून ठेवलं.

प्रत्येक जोडणीतून प्रथिन निघत नाही

प्रथिन बनवणारं पेशीतलं यंत्र म्हणजे राइबोसोम. तो आरएनए तीन-तीन अक्षरांनी वाचतो. गाळलेल्या एक्सॉनची लांबी तीनने भागली जात नसेल, तर पुढचं सगळं वाचन सरकतं आणि थोड्याच अंतरात भलत्याच ठिकाणी थांबायची खूण लागते. पेशी असा आरएनए बहुधा ठेवत नाही. ढोबळ नियम असा, की थांबायची खूण शेवटच्या सांध्याच्या ५० ते ५५ अक्षरांहून जास्त आधी आली, तर तो आरएनए मोडीत निघतो. प्रयोगशाळेत हे पाहायचं तर पेशींना काही तास सायक्लोहेक्झिमाइड देऊन भाषांतर, म्हणजे आरएनएवरून प्रथिन बनणं, थांबवतात. एरवी न दिसणारी प्रत त्यानंतर वाढलेली दिसली, तर ती प्रत बनत होती आणि लगेच नष्टही होत होती, असं समजायचं.

एसएमएनचा एक्सॉन ७ मात्र वेगळा आहे. तो ५४ अक्षरांचा, म्हणजे तीनने नीट भागला जाणारा. त्यातली ४८ अक्षरं १६ अमिनो आम्लं लिहितात, मग थांबायची खूण, मग तीन अक्षरं उरतात आणि एक्सॉन संपतो. खूण शेवटच्या सांध्याला इतकी चिकटून आहे की मोडीत काढण्याचा नियम तिला लागू होत नाही. एक्सॉन ७ गाळला, तर राइबोसोम सहावरून थेट आठव्यात जातो, तिथे चार अमिनो आम्लं लिहून थांबतो, आणि आठवा शेवटचा असल्याने पुढे सांधाच नाही. दोन्ही आरएनए टिकतात, दोन्हींचं भाषांतर होतं. पूर्ण प्रथिन २९४ अमिनो आम्लांचं, आखूड २८२ चं.

कागदावर पाहिलं तर एका जनुकातून दोन प्रथिनं मिळाली, आणि मेसेजवाला खूष. पण आखूड प्रथिन पेशीत टिकत नाही. एसएमएनचे रेणू एकमेकांना धरून गट करतात तेव्हाच काम होतं, आणि सातव्या एक्सॉनची शेपटी नसली की ही पकड ढिली पडते. शिवाय नव्याने उघडं पडलेलं टोक पेशीच्या कचरा काढणाऱ्या यंत्रणेला खुणावतं. म्हणजे आरएनए भरपूर आणि प्रथिन नावापुरतं. पुढच्या मुद्द्यासाठी हे लक्षात असू द्या.

जाता जाता: एसएमएनचं मुख्य काम म्हणजे वर आलेल्या यू-१, यू-२ वगैरे कणांभोवती सात प्रथिनांचं कडं बसवणं. स्प्लायसिंग करणाऱ्या यंत्राचे भाग जुळवणारं प्रथिनच स्प्लायसिंगच्या चुकीमुळे कमी पडतं.

९५ टक्के कशाचे?

हा आकडा २००८ मध्ये आला. माणसाच्या वेगवेगळ्या ऊतींमधला आरएनए मोठ्या प्रमाणावर वाचला, तेव्हा एकाहून जास्त एक्सॉन असलेल्या जनुकांपैकी ९२ ते ९५ टक्के जनुकांत कुठे ना कुठे पर्यायी जोडणी सापडली. मोजला होता आरएनए. प्रथिन कोणी मोजलं नव्हतं. शिवाय पर्यायी प्रत शंभरात दोन असली तरी ती या टक्केवारीत जमा होते, आणि त्यातल्या काही यंत्राच्या साध्या चुका असतात.

प्रथिनांच्या बाजूने मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजून ते ओळखण्याच्या पद्धतीने, पाहिलं तर बहुतेक जनुकांचं एकच मुख्य रूप ठळकपणे दिसतं. यावरून काहींनी उलट टोक गाठलं, की पर्यायी रूपं प्रथिनापर्यंत पोचतच नाहीत. हा वाद अजून मिटलेला नाही, आणि तो का मिटत नाही हे एसएमएनच्या शेपटीवर स्वच्छ दिसतं. प्रथिनं थेट मोजत नाहीत. आधी ट्रिप्सिन या विकराने त्यांचे तुकडे करतात, आणि ट्रिप्सिन के किंवा आर, म्हणजे लायसिन किंवा आर्जिनिन, यांच्यानंतर कापतं. दोन्ही प्रथिनांची टोकं अशी, उभी रेघ म्हणजे सहाव्या एक्सॉनचा शेवट:

```
...SGYHTGYYM|GFR QNQK EGR CSHSLN
...SGYHTGYYM|EMLA
```

पूर्ण प्रथिनात सांध्यावरचा तुकडा GFR ला संपतो, पण त्याच्या आधीचं कापायचं ठिकाण इतकं मागे आहे की तो तुकडा साठाहून जास्त अमिनो आम्लांचा होतो. यंत्राला इतका लांब तुकडा सहसा झेपत नाही. पुढचे तुकडे चार, तीन आणि सहा अमिनो आम्लांचे. साधारण सातपेक्षा लहान तुकडा कुठल्या प्रथिनाचा हे खात्रीने सांगता येत नाही, म्हणून तेही बाद. आखूड प्रथिनाचा सांध्यावरचा तुकडाही तसाच लांबलचक. म्हणजे नेहमीच्या पद्धतीने ही दोन रूपं एकमेकांपासून ओळखताच येत नाहीत. सापडलं नाही याचा अर्थ नाही असा होत नाही, आणि आरएनए सापडला याचा अर्थ प्रथिन आहे असाही होत नाही. वेस्टर्न ब्लॉटवर तरी वेगळी दिसतील म्हणाल, तर ३८ किलोडाल्टनच्या पट्टीत बारा अमिनो आम्लांचा फरक साध्या जेलवर जेमतेम कळतो.

एका जनुकातून खरोखर दोन कामांची दोन प्रथिनं मिळतात तेव्हा पुरावा कसा असतो, तेही सांगायला हवं. कॅल्सिटोनिनचं जनुक हे १९८२ पासूनचं उदाहरण. थायरॉइडच्या सी पेशींत चौथा एक्सॉन ठेवला जातो, आरएनए तिथेच संपतो आणि ३२ अमिनो आम्लांचं कॅल्सिटोनिन हे संप्रेरक बनतं. चेतापेशींत चौथा गाळून पाचवा आणि सहावा जोडले जातात आणि ३७ अमिनो आम्लांचं सीजीआरपी बनतं. ते रक्तवाहिन्या रुंदावतं आणि अर्धशिशीची काही नवी औषधं त्यालाच अडवतात. इथे प्रथिन वेगळं काढलेलं आहे, ऊती वेगळ्या आहेत, कामं वेगळी आहेत. दावा करायचा तर एवढं हातात हवं.

विद्यार्थी मात्र बहुधा आरटी-पीसीआरच्या जेलवर थांबतात, म्हणजे आरएनएची डीएनए प्रत काढून, ती वाढवून तिचे तुकडे लांबीनुसार वेगळे पाहतात, म्हणून त्याबद्दल थोडं. एक्सॉन ६ मध्ये एक प्रायमर आणि ८ मध्ये दुसरा लावला की ५४ अक्षरांच्या फरकाचे दोन पट्टे मिळतात. ते नीट वेगळे दिसायला अडीच ते तीन टक्के अ‍ॅगारोज लागतं. यात तीन ठिकाणी हमखास फसायला होतं.

पहिलं म्हणजे रंग. इथिडियम ब्रोमाइड लांब तुकड्यात जास्त बसतं, म्हणून पट्ट्याची तीव्रता लांबीने भागावी लागते. समजा तुकडे ३०० आणि २४६ अक्षरांचे आहेत आणि तीव्रता ६०० आणि ९८४ आली. तशीच टक्केवारी काढली तर एक्सॉन ७ असलेल्या प्रती ३८ टक्के येतील. भागून घेतलं तर २ आणि ४, म्हणजे ३३ टक्के. दुसरं, आखूड तुकडा जास्त सहज वाढतो. पीसीआरची आवर्तनं जास्त झाली की प्रमाण आखूड तुकड्याकडे झुकतं. म्हणून २२, २५, २८ अशा वेगवेगळ्या आवर्तनांना थोडं थोडं काढून पाहायचं. टक्केवारी आवर्तनांबरोबर सरकत असेल, तर ती पेशीची नव्हे, नळीची टक्केवारी आहे.

तिसरी फसवणूक सगळ्यात मोहक. दोन पट्ट्यांच्या वर तिसरा, फिकट पट्टा दिसतो आणि «नवीन रूप सापडलं» असं वाटतं. पुष्कळदा तो लांब तुकड्याचा एक धागा आणि आखूड तुकड्याचा एक धागा एकमेकांना चिकटून झालेला असतो. मधला ५४ अक्षरांचा भाग जोडीदार नसल्याने फुगा होऊन बाहेर येतो आणि तुकडा जेलमध्ये रेंगाळतो. ओळखायचं कसं? मिश्रण ताज्या प्रायमरमध्ये पातळ करून दोन-तीन आवर्तनं चालवा. प्रायमर भरपूर असले की धाग्यांना आपापला जोडीदार मिळतो आणि तिसरा पट्टा विरतो. न विरला तर मग कापून सीक्वेन्सिंगला पाठवा.

एसएमएनमध्ये आणखी एक अडचण असते: हे प्रायमर एसएमएन-१ आणि २ दोन्हींच्या प्रती वाढवतात. आठव्या एक्सॉनमधल्या एका अक्षराच्या फरकामुळे डीडीई-१ हे विकर फक्त एसएमएन-२ चा तुकडा कापतं. प्रायमर त्या जागेच्या पलीकडे ठेवला असेल तरच याचा उपयोग, हे उघड आहे.

३८,०१६ हा गुणाकार आहे

फळमाशीच्या डीस्कॅम-१ या जनुकात चार ठिकाणी पर्याय आहेत. चौथ्या एक्सॉनला १२, सहाव्याला ४८, नवव्याला ३३ आणि सतराव्याला २. बारा गुणिले अठ्ठेचाळीस गुणिले तेहतीस गुणिले दोन, झाले ३८,०१६. हॉटेलच्या मेन्यूवरून किती प्रकारच्या थाळ्या होऊ शकतात, तसा हा हिशेब आहे. एका वेळी टेबलावर तेवढ्या येत नाहीत. एका चेतापेशीत यातली काही डझन रूपंच असतात, आणि उपयोग नेमका त्यातच आहे: एकाच पेशीच्या दोन फांद्यांवर तोच संच असल्याने त्या एकमेकींना ओळखून दूर सरकतात, शेजारच्या पेशीचा संच वेगळा असल्याने तिच्याशी गल्लत होत नाही.

इथेही पिसणं नाही. सहाव्या गटाच्या ४८ पर्यायांपैकी प्रत्येकाच्या आधी एक छोटा अक्षरक्रम असतो, आणि तो इंट्रॉनमधल्या एकाच ठरावीक जागेशी जोडी जमवू शकतो. जागा एक, उमेदवार ४८. एकाने ती जागा धरली की बाकीचे बाहेर, म्हणून दोन पर्याय कधी एकत्र येत नाहीत. माणसातही डीस्कॅम जनुक आहे, पण त्यात असली व्यवस्था नाही. त्यामुळे माशीचा आकडा माणसाच्या वाक्याशेजारी ठेवणं ही नुसती चलाखी आहे.

अमिनो आम्ल तेच, पण मूल आजारी

मेसेजमधलं हे वाक्य सगळ्यात घातक आहे, कारण कोणी ते जनुकीय तपासणीच्या रिपोर्टला लावू शकतो. दोन्ही जनुकांचा सातवा एक्सॉन शेजारी ठेवून पाहा:

```
SMN1 GGT TTC AGA CAA AAT CAA AAA GAA GGA AGG TGC TCA CAT TCC TTA AAT TAA GGA
SMN2 GGT TTT AGA CAA AAT CAA AAA GAA GGA AGG TGC TCA CAT TCC TTA AAT TAA GGA
```

फरक एकाच ठिकाणी, सहाव्या अक्षरावर. टीटीसी आणि टीटीटी, दोन्हींचा अर्थ फेनिलअलॅनिन. प्रथिनाच्या दृष्टीने काहीच बदललं नाही. पुस्तकात याला «मूक बदल» म्हणतात.

पण राइबोसोमच्या आधी हा मजकूर स्प्लायसिंगचं यंत्र वाचतं, आणि ते तीन-तीन अक्षरांनी वाचत नाही. एसएमएन-१ मध्ये सीएजीएसीएए या सात अक्षरांवर एसआरएसएफ-१ हे प्रथिन बसतं आणि एक्सॉन ठेवायला मदत करतं. एसएमएन-२ मध्ये पहिल्या सी चा टी झाला की ही बैठक मोडते. त्याच जागी, आरएनएच्या भाषेत यूएजी अशी सुरुवात झाल्याने, एचएनआरएनपी-ए-१ या अडवणाऱ्या प्रथिनाला धरायला जागा मिळते. मदतनीस गेल्याने जास्त बिघडतं की अडवणारा आल्याने, यावर संशोधकांत बरीच खडाजंगी झाली. दोन्हींना आधार देणारे प्रयोग आहेत. या एक्सॉनची शेवटची कडही मुळात कमजोर आहे. शेवटचं अक्षर जी असतं तर यू-१ घट्ट बसला असता, पण तिथे ए आहे. अशा काठावरच्या एक्सॉनला एका अक्षराचा धक्का पुरतो. परिणाम असा, की एसएमएन-२ च्या बहुतेक प्रतींतून सातवा एक्सॉन गळतो आणि पूर्ण लांबीच्या प्रती दहा टक्क्यांच्या आसपास उरतात.

त्या दहा टक्क्यांवर मूल जगतं. म्हणूनच एसएमएन-२ च्या प्रती जितक्या जास्त, तितका आजार साधारणपणे सौम्य. रिपोर्टमध्ये प्रतींचा आकडा त्यासाठी लिहिलेला असतो. पण हा हिशेब नेहमी जुळत नाही, आणि न जुळण्याचं एक कारण वरच्याच ओळीत आहे. काही रुग्णांच्या एसएमएन-२ मध्ये २५ व्या अक्षरावर जी ऐवजी सी असतो, जीजीए चं सीजीए होतं. यात अमिनो आम्ल बदलतं, ग्लायसिनच्या जागी आर्जिनिन येतं. तरीही हे रुग्ण प्रतींच्या आकड्यावरून वाटेल त्यापेक्षा बरे असतात, कारण या बदलाने एक्सॉन ७ जास्त वेळा ठेवला जातो. म्हणजे अमिनो आम्ल न बदलणारं अक्षर आजाराला कारण आणि अमिनो आम्ल बदलणारं अक्षर उपकारक.

म्हणून रिपोर्टमध्ये «मूक» असं लिहिलेला बदल एक्सॉनच्या कडेजवळ असेल, किंवा लक्षणं त्या जनुकाकडे बोट दाखवत असतील, तर आरएनए तपासल्याशिवाय तो निकालात काढू नये. त्यासाठी ते जनुक ज्या ऊतीत चालू असतं तिचा नमुना लागतो. रक्तात ते बंद असेल तर रक्तातल्या आरएनएवरून काहीच कळणार नाही.

इंजेक्शन डीएनएला हात लावत नाही

पाठीच्या कण्यात दिलं जाणारं औषध म्हणजे न्युसिनर्सेन, अमेरिकेत डिसेंबर २०१६ मध्ये मान्यता मिळालेलं. त्याची मुळं २००६ च्या एका शोधात आहेत: एक्सॉन ७ नंतरच्या इंट्रॉनमध्ये दहाव्या ते चोविसाव्या अक्षरांवर एक पट्टा आहे, जो एक्सॉनला गाळायला लावतो. तो पट्टा झाकला तर एक्सॉन राहतो. औषध म्हणजे १८ अक्षरांचा, रासायनिक बदल करून टिकाऊ केलेला उलटा तुकडा:

```
AAGGA|gtaagtctgCCAGCATTATGAAAGTGAatc
            3'-GGTCGTAATACTTTCACT-5'
```

तो आरएनएवर बसतो, पट्टा झाकतो, अडवणाऱ्या प्रथिनांना जागा मिळत नाही आणि यू-१ ला कडेवर बसता येतं. डीएनएमधला टी होता तसाच राहतो. पेशी रोज नवा आरएनए काढत राहते, म्हणून औषधही कायम हजर असावं लागतं. रक्तातून ते मेंदू-मज्जारज्जूत पोचत नाही म्हणून कण्यातल्या द्रवात द्यावं लागतं. मूळ मान्यताप्राप्त मात्रा ५ मिलिलिटरमध्ये १२ मिलिग्रॅम. पहिल्या तीन मात्रा चौदा-चौदा दिवसांनी, चौथी तिसऱ्या मात्रेनंतर सुमारे महिन्याने आणि पुढे दर चार महिन्यांनी, कायम. जनुक दुरुस्त झालं असतं तर दर चार महिन्यांनी कण्यात सुई टोचायची गरजच नव्हती. मेलेल्या चेतापेशी याने परत येत नाहीत, त्यामुळे लक्षणं दिसण्याआधी सुरू केलेल्या मुलांत फायदा सगळ्यात मोठा दिसतो.

तोंडाने घ्यायचं रिसडिप्लाम हे त्याच एक्सॉनवर दुसऱ्या बाजूने काम करतं. वर सांगितलेली जी कमजोर कड आहे, शेवटच्या ए मुळे यू-१ नीट न बसणारी, तिथेच हा छोटा रेणू शिरतो आणि यू-१ ची पकड पक्की करतो. तेही रोज घ्यावं लागतं.

आणि ज्याच्यासाठी वर्गण्या काढल्या गेल्या ते सोळा कोटींचं इंजेक्शन यातलं नव्हेच. त्यात एका निरुपद्रवी विषाणूच्या कवचातून एसएमएनचे एक्सॉन आधीच सलग जोडून पाठवलेले असतात. ते शिरेतून एकदाच देतात, मुलाच्या स्वतःच्या एसएमएन-२ ला ते शिवत नाही, आणि सातवा एक्सॉन गळण्याचा प्रश्न त्यात उद्भवतच नाही.